दगडावरचा हिशोब, कानांसाठी

इतिहासाची आवड असलेला माणूस पॉडकास्ट करायचे ठरवतो तेव्हा तो बहुधा आधी विषय निवडतो. मराठ्यांच्या लढाया, किल्ले, पेशवाईतली कारस्थाने, एखादी विस्मृतीत गेलेली राणी. मग माइक येतो, बोधचिन्ह तयार होते, पाच-सहा भाग निघतात आणि तेव्हा लक्षात येते की हेच विषय, हीच पुस्तके आणि जवळजवळ हीच वाक्ये घेऊन आणखी कितीतरी जण बोलत आहेत. इथे नडतो तो विषय नव्हे, साचा. एकट्याने बसून गोष्ट सांगायची, हा साचा घेतला की तुमची तुलना आपोआप त्या साच्यातल्या सर्वांत चांगल्या निवेदकाशी होते. म्हणून गर्दी टाळायची तर साचा आधी ठरवावा लागतो.

जगभर इतिहासाच्या पॉडकास्टचे जे साचे रुळले आहेत, ते हाताच्या बोटांवर मोजता येतील. माइक डंकन यांनी 2007 ते 2012 या काळात ‘द हिस्टरी ऑफ रोम’ केला. रोमच्या स्थापनेच्या दंतकथेपासून पश्चिमेकडच्या साम्राज्याच्या अंतापर्यंत ते भागामागून भाग सरळ चालत गेले. कालक्रमाने सांगण्याचा साचा तिथून रूढ झाला. टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रुक यांच्या ‘द रेस्ट इज हिस्टरी’त दोन मित्र गप्पा मारतात. बीबीसीच्या ‘इन अवर टाइम’मध्ये तज्ज्ञांना बोलावून त्यांना प्रश्न विचारायची रीत 1998 पासून चालत आली. आणि 2010 मध्ये ब्रिटिश म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅक्ग्रेगर यांनी बीबीसी रेडिओवर शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगितला, एका भागात एक वस्तू.

यातले पहिले तिन्ही साचे हौशी माणसाला महाग पडतात. कालक्रमाच्या साच्याला वर्षानुवर्षांचा दम लागतो, आणि मध्ये थांबले तर काम अर्धवट दिसते. गप्पांच्या साच्याला तितकाच वाचलेला आणि दर आठवड्याला मोकळा असलेला दुसरा माणूस लागतो. तज्ज्ञांच्या मुलाखतींसाठी ओळखी लागतात, आणि तेच पाच-सात अभ्यासक सगळ्यांच्या कार्यक्रमांत दिसू लागतात. चौथा साचा मात्र वेगळा आहे. त्याने विषय मोठा ठेवून पुरावा लहान केला. श्रोत्यापुढे एकच वस्तू, आणि तिच्याबद्दल जे बोलायचे ते तिच्याकडे बघूनच. हौशी अभ्यासकाला हे तत्त्व उचलता येते. त्याच्याकडे संग्रहालय नसते, पण दोन गोष्टी व्यावसायिक निर्मात्यापेक्षा जास्त असतात. एका पुराव्यापाशी महिनाभर थांबण्याची सवड, आणि तो पुरावा जिथे आहे त्या गावाशी असलेली जवळीक.

या तत्त्वातून मराठीत बरेच कार्यक्रम सुचतात. प्रत्येक भागात एक मोडी कागद घेता येईल, पण त्यासाठी मोडी अस्खलित वाचता यायला हवी आणि कागद छापील स्वरूपात नसेल तर दफ्तरखान्याची परवानगीही हवी. प्रत्येक भागात एक जुनी वाट चालत जाता येईल, नाणेघाट, बोरघाट, थळघाट. पण त्यात वारा, गाड्या आणि ऋतू तुमचे वेळापत्रक ठरवतात. जुन्या वतनाच्या तंट्यांवर भाग करता येतील, आणि ते रंगतातही, मात्र ज्यांची आडनावे त्यात येतात त्यांचे वंशज त्याच गावात राहत असतात, तेव्हा फार जपून बोलावे लागते. हे तिन्ही कार्यक्रम कुणीतरी करावेत असेच आहेत. पण घरून, एकट्याने, नोकरी सांभाळून करता येईल आणि ज्यात आज फारशी वर्दळ नाही, असा मला एक कार्यक्रम विशेष वाटतो. शिलालेखातला हिशोब. एका भागात एक लेख, आणि त्या लेखातले एकच गणित.

शिलालेखांवर बोलणारे लोक आहेत, पण ते बहुधा राजाचे नाव, वंशावळ आणि लेखाचे वय यांवर बोलतात. लेखातले आकडे वाचून दाखवले जातात आणि निवेदन पुढे जाते. खरे तर दानलेख हा मुळात हिशोबाचाच कागद आहे. कुणी, किती, कुणाकडे ठेवले, त्यावर काय मिळणार, ते कशावर खर्च व्हायचे, एवढेच त्याला नोंदवायचे असते. महाराष्ट्रात असे लेख सातवाहनांच्या काळापासून यादवांपर्यंत सापडतात आणि त्यांतले बरेचसे छापलेले आहेत. ‘एपिग्राफिया इंडिका’चे जुने खंड, वा. वि. मिराशी यांचे सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या लेखांवरचे मराठी पुस्तक, शं. गो. तुळपुळे यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ ही तीन दालने उघडली तरी दोन-तीन वर्षे पुरेल एवढा ऐवज मिळतो. ब्राह्मी वाचता आली तर उत्तमच, नाही आली तरी छापील वाचन आणि भाषांतर यांवर प्रामाणिकपणे काम करता येते. फक्त आपण कुणाचे वाचन घेतले आहे, ते प्रत्येक भागात सांगायचे.

पहिला भाग कसा उभा राहतो, ते एका लेखावर बघू.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो तिथे, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, दिनीकाचा मुलगा. त्याचा एक लेख वर्ष 42, वैशाख महिन्याचा आहे. तो म्हणतो की हे लेणे मी संघाला दिले आणि त्यासोबत 3,000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेव देवळात किंवा राजाच्या खजिन्यात नाही, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे 2,000, दर शेकड्याला एक कार्षापण व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे 1,000, दर शेकड्याला पाऊण कार्षापण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. 2,000 च्या व्याजातून माझ्या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे. उरलेल्या हजाराचे व्याज ‘कुशाणमूल’ या दुसऱ्या खर्चासाठी. आणि हे सगळे निगमसभेत ऐकवून, फलकावर रीतसर नोंदवले आहे.

हा मजकूर साध्या निवेदनात मिनिटभरात संपतो आणि श्रोत्याच्या हाती काही राहत नाही. पण यात एक कोडे दडलेले आहे आणि भाग त्या कोड्यावर उभा करायचा. व्याज दर शेकड्याला एक, पण किती काळाला? वर्षाला की महिन्याला? लेखात ते लिहिलेलेच नाही. फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात हा लेख छापला, तेव्हा भाषांतरात ‘दरमहा’ हा शब्द त्यांनी कंसात घातला. कंस याचा अर्थ तो दगडावर नाही, अभ्यासकाने समजून घेतलेला आहे. मग तो बरोबर कशावरून?

इथे श्रोत्याला गणित करायला लावायचे. व्याज वर्षाला शेकडा एक धरले तर 2,000 वर वर्षाचे वीस कार्षापण होतात. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा द्यायचे तर 240 लागतात. वीस कार्षापणांत दोन भिक्षूंचेही वस्त्र निघत नाही. आता व्याज महिन्याला धरू. 2,000 वर महिन्याचे वीस, बारा महिन्यांचे 240. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, एकूण 240. एक कार्षापण जास्त नाही, एक कमी नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी आधी खर्च मांडला, मग दर पाहिला आणि त्यावरून किती मुद्दल ठेवायचे ते काढले. दात्याने मनाला येईल तो गोल आकडा टाकलेला नाही. खर्चापासून मागे येत येत 2,000 या आकड्यावर तो पोहोचला आहे. लेखात नसलेला ‘महिना’ हा शब्द लेखातल्याच आकड्यांनी सिद्ध केला.

या क्षणासाठी सगळा भाग बांधायचा असतो. म्हणून 240 हा आकडा त्याआधी कुठेही उच्चारायचा नाही. आधी वीस आणि बारा हे आकडे श्रोत्याच्या कानात पक्के बसवायचे, निदान दोनदा, वेगवेगळ्या वाक्यांत. वाचक मागच्या ओळीकडे जाऊ शकतो, ऐकणारा जात नाही. तो बसमध्ये असतो किंवा पोळ्या लाटत असतो. एका वाक्यात तीन आकडे आले की त्याचे लक्ष सुटते आणि त्याला ते कळतही नाही. मी पाळतो तो नियम असा की एका वाक्यात एकच आकडा, आणि नवा आकडा आला की जुना पुन्हा एकदा सांगायचा. 3,000, 2,000, 1,000, एक, पाऊण, वीस, बारा असे सात आकडे या एका लेखात आहेत. पहिल्या भागात त्यांतले चारच घ्यावेत: 2,000, एक, वीस आणि बारा. एकूण ठेवीचा उल्लेख ‘एक ठेव’ एवढाच. हजाराच्या ठेवीचे आणि पाऊण टक्क्याचे गणित शेवटी, वेगळ्या दोन मिनिटांत.

ते दुसरे गणितही सांगण्यासारखे आहे, कारण ते तितके सरळ सुटत नाही. हजारावर दरमहा शेकडा पाऊण म्हणजे महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. वीस भिक्षूंत वाटले तर प्रत्येकी साडेचार. पण कुशाणमूल म्हणजे नेमके काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सेनार यांनी तो भिक्षूंच्या इतर गरजांसाठीचा खर्च मानला. त्या शब्दात नाण्याचे नाव असावे, असेही सुचवले गेले आहे. इथे निवेदकाने दोन्ही अर्थ सांगावेत आणि गणित सोडून द्यावे. पहिले गणित चोख जुळले म्हणून दुसरेही जुळवून दाखवायचा मोह होतो, आणि हौशी इतिहास बहुधा याच वळणावर घसरतो.

मग बाहेरचा पुरावा. दर खरा वाटतो का? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य, म्हणजे योग्य व्याज सांगितले आहे. व्यापाऱ्यांसाठी आणि जोखमीच्या प्रवासासाठी त्याहून कितीतरी जास्त. गोवर्धनचे विणकर एक आणि पाऊण देत होते, म्हणजे सव्वाच्या खाली. दुसरा पुरावा जुन्नरचा. तिथल्या एका लेण्यातल्या लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख आहे, आणि तिथे महिन्याचा शब्द स्पष्ट कोरलेला आहे. नाशिकच्या लेखातल्या कंसाला जुन्नरचा दगड दुजोरा देतो. एवढे सांगून झाले की भागाचे काम झाले. याच्या पुढे विणकरांची बँक, प्राचीन भारताचे अर्थकारण, व्यापारी मार्ग अशा दिशांना जायचे नाही. ते विषय मोठे आहेत, आणि त्यांवर बोलणारेही पुष्कळ आहेत.

श्रोत्याचा एक प्रश्न मात्र नक्की येतो. आजच्या पैशांत हे किती? त्याचे उत्तर रुपयांत देऊ नये. चांदीच्या आजच्या भावाने कार्षापणाची किंमत काढता येते, पण त्यातून काहीच कळत नाही, कारण तेव्हाची चांदी आणि तेव्हाचे कापड यांचे नाते आजच्यासारखे नव्हते. सोन्याच्या भावाने काढली तर तिसराच आकडा येतो. भागात एकदा रुपया आला की श्रोता तोच आकडा लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याला सांगतो. त्याऐवजी उषवदाताच्याच लेखांतून मापे घ्यावीत. एका भिक्षूचे वर्षाचे वस्त्र बारा कार्षापण. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात तो सांगतो की गावाच्या सीमेवरचे एक शेत वाराहीपुत्र अश्विभूति या ब्राह्मणाकडून 4,000 कार्षापणांना विकत घेतले, आणि त्याच्या उत्पन्नातून लेण्यातल्या भिक्षूंचे जेवण चालावे. आणखी एका दानाची नोंद करताना तो 70,000 कार्षापण देव आणि ब्राह्मणांसाठी दिल्याचे लिहितो आणि 35 कार्षापणांचा एक सुवर्ण या दराने ते 2,000 सुवर्ण होतात, हा हिशोबही स्वतःच करून देतो. म्हणजे वस्त्र, शेत आणि सोने अशी तीन मापे एकाच माणसाच्या लेखांतून मिळाली. एका भिक्षूच्या वस्त्रांचे वर्षाचे बारा, आणि एका शेताचे 4,000. श्रोता स्वतःच त्या शेताचा अंदाज बांधतो. आजचा रुपया त्यात आणायची गरजच उरत नाही.

या भागाची लांबी किती असावी? मराठी सावकाश, समजेल असे बोलले तर मिनिटाला साधारण एकशेवीस शब्द होतात. प्रत्येकाने स्वतःचा वेग घड्याळ लावून मोजावा. गणित ऐकायला थांबे लागतात, त्यामुळे अठरा मिनिटांच्या भागासाठी दोन हजारांच्या आसपास शब्द पुरतात. पहिली तीन मिनिटे जागेची आणि माणसाची: डोंगर, ओसरी, नहपानाचा जावई. पुढची चार मिनिटे लेख काय म्हणतो ते आजच्या मराठीत. मूळ प्राकृत वाचायचे असेल तर एकच ओळ, नाद कळावा एवढ्यासाठी. मग पाच मिनिटे कोड्याची आणि 240 ची. उरलेल्या वेळात कुशाणमूल, अर्थशास्त्र, जुन्नर. लिहिलेली संहिता एकदा घरातल्या कुणाला तरी, ते काम करत असताना, वाचून दाखवावी. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा: महिना कसा कळला? ते उत्तर स्वतःच्या शब्दांत देता आले तर भाग तयार आहे. नाही आले तर बहुतेक वेळा दोष असा असतो की बारा भिक्षू आणि वीस कार्षापण अशी अदलाबदल ऐकणाऱ्याच्या डोक्यात झालेली असते. मग संहितेत भिक्षूंची संख्या आणि रक्कम यांच्यामध्ये दोन-तीन वाक्यांचे अंतर ठेवावे.

ध्वनिमुद्रण घरीच करावे. कोरलेल्या खोलीत आवाज दगडावरून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. ऐकायला ते क्षणभर छान वाटते, पण आकडे कळत नाहीत. लेण्यात जायचे ते वातावरणाचा आवाज घ्यायला, एक-दोन मिनिटांचा, न बोलता. हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा स्टँड किंवा इतर साधने न्यायची असतील तर आधी परवानगी विचारावी. लेखावर पाणी, खडू किंवा पावडर घालून अक्षरे उठावदार करायचा प्रयत्न कुणी करत असेल तर त्याला थांबवावे, मग छायाचित्र कितीही चांगले येणार असो. घरी बोलताना पडदे ओढलेली, कपड्यांच्या कपाटाची छोटी खोली पुरते. संगीत कमी असावे, आणि गणित चालू असताना अजिबात नसावे.

हा साचा खरोखर रिकामा आहे का, ते सुरुवात करण्याआधी तपासायला हवे. स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट आणि यूट्यूब या तिन्ही ठिकाणी ‘शिलालेख’, ‘कोरीव लेख’, ‘ताम्रपट’, ‘दानपत्र’ हे शब्द देवनागरीत शोधावेत आणि मग रोमन अक्षरांत, निरनिराळ्या स्पेलिंगांनी. मराठी कार्यक्रमांची नावे अनेकदा रोमन लिपीत असतात, त्यामुळे एकाच लिपीत शोधले तर चित्र अर्धे दिसते. सापडलेल्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवटचा भाग कधी आला ते पाहावे. दोन वर्षांपूर्वी थांबलेला कार्यक्रम म्हणजे गर्दी नव्हे, पण तो का थांबला असेल याचा विचार करण्यासारखा असतो. मग त्यांतले दोन-तीन भाग पूर्ण ऐकावेत आणि एक गोष्ट पाहावी: हेच निवेदन दुसऱ्या लेखावर जसेच्या तसे चालले असते का? राजा पराक्रमी होता, दानशूर होता, आपला वारसा थोर आहे, ही वाक्ये कुठल्याही लेखावर चालतात. 240 चे गणित या एकाच लेखावर चालते. तुमचा कार्यक्रम आणि बाकीचे यांच्यात एवढाच फरक ठेवायचा आहे, आणि तो पुरतो.

दुसरी तपासणी स्वतःची. माइक विकत घेण्याआधी पुढच्या दहा भागांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे लेख कुठे आहे, कुठे छापला आहे आणि त्यातले गणित कोणते, हे एका ओळीत लिहावे. गणिताची जागा रिकामी राहिली तर तो लेख या कार्यक्रमाचा नाही, मग तो कितीही प्रसिद्ध असो. या कसोटीवर काही नावाजलेले लेख गळतात. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख मराठीच्या आरंभाच्या चर्चेत नेहमी येतो, पण ती चर्चा त्याच्या काळाची आणि भाषेची आहे. तो दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमासाठी ठेवावा.

कसोटीला उतरणारे पुष्कळ आहेत. नाशिकलाच आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी वेगवेगळ्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत तेल गाळणारे आहेत आणि पाण्याची यंत्रे करणारेही आहेत. लेखाचा काही भाग झिजला आहे, तेव्हा हा भाग हरवलेल्या आकड्यांबद्दल काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, यावर करता येईल. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके 1128 चा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, आणि सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा मराठी भाग त्या मठाला बाजारातून काय काय मिळावे ते सांगतो, आणि त्यात प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेलही आहे. महान गणितज्ञाच्या ग्रंथांचे अध्ययन पळी-पळी तेलावर चालायचे. हा भाग घाण्यांच्या संख्येवर उभा राहतो, आणि ती संख्या लेखात नाही, तेव्हा प्रश्न उलटा विचारता येतो: एका विद्यार्थ्याच्या दिव्याला रात्रभर किती तेल लागते, आणि मग मठाला किती घाणे हवेत? पणती लावून, तेल मोजून हा प्रयोग घरी करता येतो आणि त्याचा आवाज भागात घेता येतो. प्रयोगातून मठाचा हिशोब सिद्ध होत नाही, हे मात्र त्याच श्वासात सांगावे. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेख, शके 1195 ते 1199 या काळातला, विठ्ठलमंदिराला देणगी देणाऱ्यांची यादीच आहे. राजा रामचंद्र आणि हेमाद्री त्यात आहेत, आणि त्यांच्याबरोबर साधी माणसेही. त्यावर एक भाग पुरणार नाही.

पहिल्या पर्वाचा शेवट मी पुन्हा नाशिकलाच, तिसऱ्या लेण्यात करीन. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवला होता. नाणी बदलली. जमिनीचे काय झाले, ते तिसऱ्या लेण्यातला लेख सांगतो. राज्याच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्र गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा देतो की पश्चिम कखडी गावातले, आतापर्यंत उषभदत्ताकडे असलेले 200 निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावे. हा उषभदत्त म्हणजेच आपला उषवदात, असे अभ्यासक मानतात. त्याच भिंतीवर चोविसाव्या वर्षाचा आणखी एक आदेश आहे, या वेळी राजमातेसह. त्यात म्हटले आहे की कखडीचे ते शेत कसले जात नाही, गावात वस्ती उरलेली नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या आपल्या मालकीच्या जमिनीतून 100 निवर्तने भिक्षूंना द्यावीत.

सहा वर्षांत 200 ची जागा 100 ने घेतली. भिक्षूंचे नुकसान झाले की फायदा? ओस गावातले 200 आणि नगराच्या सीमेवरचे, कसता येईल असे 100, यांत जास्त पीक कशाचे? निवर्तनाचे माप स्थळाकाळाप्रमाणे बदलत होते, त्यामुळे एकरात बोलता येत नाही. पण दोन्ही आकडे एकाच राजाचे, गोवर्धनच्याच अमात्याच्या हद्दीतले, सहा वर्षांच्या अंतराचे आहेत, तेव्हा त्यांची एकमेकांशी तुलना करता येते. गावातली माणसे कुठे गेली, ते लेख सांगत नाही; नहपानाशी झालेल्या युद्धाचा त्याच्याशी संबंध जोडणे सोपे आहे, पण दगडावर तसे लिहिलेले नाही, म्हणून भागातही तसे म्हणायचे नाही. अठरा मिनिटे या दोन आकड्यांवरच राहायचे, आणि पडिक जमिनीचे दान कागदावर सहा वर्षे कसे टिकून राहिले असेल, भिक्षूंची तक्रार राजवाड्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली असेल, हे श्रोत्यांनाच विचारायचे. नाशिकच्या आसपास शेती करणारे श्रोते याची उत्तरे इतिहासकारांपेक्षा वेगळी देतील. ती त्यांच्या आवाजात मागवून दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात लावता येतील.